एचडीआर चालू केल्यावर खेळाचे चित्र फिकट किंवा काळे पडते तेव्हा: कन्सोल आणि टीव्हीची जुळवणी

व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल टीव्हीला जोडून एचडीआर, म्हणजे चित्रातील उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक वाढवून दाखवणारी सोय, चालू केले की पुष्कळ घरांत दोनपैकी एक तक्रार सुरू होते. एक तर सगळे चित्र पाणी फार झालेल्या ताकासारखे दिसते, म्हणजे काळ्याच्या जागी राखाडी आणि लालच्या जागी विटकरी रंग येतो; नाहीतर चित्र इतके काळवंडते की गुहेत, जंगलात किंवा रात्रीच्या प्रसंगात समोरचा शत्रूही दिसत नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा टीव्हीच्या बिघाडात नसते, आणि त्यासाठी कंपनीच्या माणसाला घरी बोलावण्याचीही गरज पडत नाही. खेळ, कन्सोल आणि टीव्ही हे तिघे एकाच चित्राचा उजेड आपापल्या परीने ठरवत असतात आणि त्यांचा आपसात मेळ बसलेला नसतो, ही खरी अडचण असते. या लेखात तो मेळ कोणत्या क्रमाने बसवायचा ते सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः प्लेस्टेशन ५ ची आहेत, आणि एक्सबॉक्समध्ये जिथे वाट वेगळी आहे तिथे ती नोंदवली आहे. पडद्यावर जी नावे रोमन लिपीत दिसतात ती शोधायला सोपी जावीत म्हणून तशीच ठेवली आहेत.

उजेड कोण ठरवतो

साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या चित्राचा सिग्नल टीव्हीला फक्त प्रमाण सांगतो: हा बिंदू पूर्ण उजळ, हा अर्धा, हा काळा. पूर्ण उजळ म्हणजे नेमका किती उजेड, हे टीव्हीच्या बॅकलाइटवर, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांवर, अवलंबून असते, आणि म्हणून साधे चित्र कोणत्याही टीव्हीवर बऱ्यापैकी दिसते. एचडीआर १० हा प्रकार वेगळ्या रीतीने चालतो. त्यात प्रत्येक बिंदूचा उजेड निट या मापात, प्रत्यक्ष आकड्याने सांगितलेला असतो, आणि हे माप १०,००० निटपर्यंत जाते. खेळांतील सूर्य, स्फोट किंवा तलवारीवरची चकाकी यांच्यासाठी सहसा १,००० निट किंवा त्याहून जास्त उजेड मागितला जातो. आपल्याकडे तीस ते चाळीस हजार रुपयांच्या आसपास मिळणारे बहुतेक ४के एलईडी टीव्ही मात्र २५० ते ३५० निटच्या पलीकडे जात नाहीत, मग खोक्यावर एचडीआर कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असो.

अशा वेळी १,००० निटची मागणी ३०० निटच्या पडद्यात कुणीतरी दाबून बसवावी लागते. या दाबण्याला टोन मॅपिंग म्हणतात. ते एकदाच आणि एकाच ठिकाणी झाले तर चित्र नीट राहते. परंतु कन्सोलला टीव्हीची खरी ताकद ठाऊक नसेल, तर खेळ आपल्या समजुतीप्रमाणे १,००० निटसाठी चित्र तयार करतो आणि टीव्ही ते पुन्हा आपल्या हिशेबाने दाबतो. उजळ भाग वाचवण्याच्या नादात काही टीव्ही सगळ्याच चित्राला खाली ओढतात, आणि मग माणसाचा चेहरा, भिंत, रस्ता अशा ज्या मधल्या छटांवर आपली नजर खरोखर असते, त्याच काळवंडतात.

यावरून दुरुस्तीचा क्रम ठरतो: आधी सिग्नल, मग टीव्ही, मग कन्सोल आणि शेवटी खेळ. बहुतेक जण नेमके उलट्या बाजूने सुरुवात करतात. खेळ अंधारा वाटला की खेळातली ब्राइटनेस वाढवतात, तेवढ्याने भागले नाही की कन्सोलमध्ये जातात आणि शेवटी रिमोट हातात घेतात. टीव्हीवरचा चित्राचा प्रकार बदलला की आधी केलेले कन्सोलचे मोजमाप निरुपयोगी होते, कारण ते मोजमाप त्या वेळच्या टीव्हीच्या मांडणीवर घेतलेले असते. म्हणून खालच्या पायऱ्या उड्या न मारता कराव्यात.

आधी दोष कोणता ते ओळखावे

कोणतेही बटण दाबण्यापूर्वी खेळातील एक जागा निवडून तिथे खेळ जतन करून ठेवावा. गुहेचे किंवा घराचे दार, आत अंधार आणि बाहेर ढगाळ आकाश, अशी जागा सर्वांत उपयोगी, कारण एकाच दृश्यात काळे, मधले आणि अतिशय उजळ असे तिन्ही भाग मिळतात. प्रत्येक बदलानंतर याच जागी परत यावे. निरनिराळी दृश्ये पाहून केलेली तुलना फसवी असते.

आता या दृश्यात तीन गोष्टी तपासाव्यात. अंधाराचा भाग राखाडी आणि धुरकट आहे का? मधल्या छटा, विशेषतः माणसाची त्वचा, संध्याकाळ झाल्यासारखी मंद आहे का? बाहेरच्या आकाशात ढग वेगळे दिसतात की सगळे मिळून पांढरा ठिपका झाला आहे? पहिल्याचे उत्तर होय असेल तर दोष काळ्याच्या पातळीत किंवा सिग्नलमध्ये आहे. दुसऱ्याचे होय असेल तर बॅकलाइट, वीजबचत किंवा टोन मॅपिंगमध्ये. आणि आकाशाचा ठिपका झाला असेल तर कन्सोलला किंवा खेळाला सांगितलेला कमाल उजेड टीव्हीच्या आवाक्याबाहेरचा आहे. एकाच टीव्हीवर पहिला आणि दुसरा दोष एकत्रही सापडतात, आणि त्याचे कारण बहुधा आपणच केलेला एक उपाय असतो. त्याचा खुलासा पुढे येईल.

आणखी एक साधी परीक्षा आहे. एचडीआर नसलेला एखादा जुना खेळ किंवा कन्सोलचा मुख्य पडदाही तितकाच फिकट दिसतो का, ते पाहावे. सगळेच फिकट असेल तर प्लेस्टेशन ५ मध्ये Settings > Screen and Video > Video Output येथे जाऊन HDR हा पर्याय पाहावा. तो Always On वर असेल तर कन्सोल साध्या चित्रालाही एचडीआरच्या साच्यात घालून पाठवतो, आणि कमी उजेडाच्या टीव्हीवर ते चित्र हमखास निस्तेज होते. तो On When Supported वर आणावा. मग एचडीआरचा खेळ सुरू झाला तरच टीव्ही एचडीआरमध्ये जातो. बदल होताना पडदा क्षणभर काळा होईल, ते अपेक्षितच आहे. एक्सबॉक्सवर फक्त जुने खेळ विचित्र दिसत असतील तर Settings > General > TV & display options > Video modes येथील Auto HDR बंद करून पाहावे, कारण ही सोय साध्या खेळांना अंदाजाने एचडीआर बनवते आणि दुबळ्या टीव्हीवर तो अंदाज चुकतो.

सिग्नल

एचडीआरचा खेळ चालू असताना टीव्ही खरोखर एचडीआरमध्ये गेला आहे की नाही, हे दोन्ही बाजूंनी पडताळावे. टीव्हीच्या बाजूने, सिग्नल सुरू होताना कोपऱ्यात एचडीआरची खूण उमटते, किंवा चित्राच्या मेनूत तसा उल्लेख दिसतो. कन्सोलच्या बाजूने, प्लेस्टेशन ५ मध्ये Video Output Information या पानावर सध्या कोणते रिझोल्यूशन, कोणता रंगप्रकार आणि एचडीआर जात आहे, ते वाचता येते. एक्सबॉक्समध्ये हेच काम 4K TV details हे पान करते आणि टीव्ही काय काय स्वीकारतो त्याची यादी देते.

कन्सोल एचडीआर पाठवत आहे पण टीव्हीवर खूण नाही, असे आढळले तर फिकटपणाचे कारण सापडलेच म्हणून समजावे. एचडीआरचा सिग्नल टीव्ही साधा समजून दाखवत असतो, आणि असे चित्र राखाडी आणि रंगहीन दिसण्यावाचून गत्यंतर नसते. बहुतेक वेळा मध्ये जोडलेला एखादा स्वस्त एचडीएमआय स्प्लिटर, स्विच, जुना होम थिएटर रिसीव्हर किंवा कॅप्चर कार्ड एचडीआरची माहिती पुढे जाऊ देत नाही. मधले सगळे काढून कन्सोल थेट टीव्हीला, कन्सोलसोबत आलेल्याच केबलने जोडावा आणि पुन्हा पाहावे.

उलट, कन्सोलच एचडीआर नाकारत असेल तर टीव्हीचे ते पोर्ट साध्या वेगावर अडकलेले असते. ही सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते: सॅमसंगमध्ये Input Signal Plus, एलजीमध्ये HDMI Deep Colour, सोनीमध्ये HDMI signal format आणि त्यातला Enhanced format. इतर अनेक टीव्हींत एचडीएमआयची आवृत्ती निवडायला सांगणारा पर्याय असतो, तिथे सर्वांत वरची आवृत्ती घ्यावी. ही निवड बहुधा पोर्टगणिक वेगळी असते, त्यामुळे सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर केलेली निवड कन्सोलच्या कामी येत नाही.

आता RGB Range या पर्यायाविषयी, कारण फिकट चित्रासाठी सर्वांत जास्त सुचवला जाणारा उपाय हाच आहे आणि तो अर्धवट समजून वापरला जातो. आठ बिटच्या मापात आकडे ० ते २५५ असतात. Full मध्ये काळे ० वर असते आणि Limited मध्ये १६ वर. कन्सोल १६ ला काळे म्हणत असेल आणि टीव्ही ० ला, तर १६ चे काळे राखाडी दिसते. उलट झाले तर अंधारातला तपशील गडप होतो. मात्र हा वाद सिग्नल आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे पाठवणाऱ्या, प्रकारचा असतो तेव्हाच उद्भवतो. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे आणि ४के, ६० हर्ट्झ, दहा बिटचा आरजीबी सिग्नल तिच्यात मावत नाही. त्यामुळे अशा टीव्हीवर प्लेस्टेशन ५ एचडीआर YUV422 स्वरूपात, म्हणजे उजेड आणि रंग वेगळे करून आणि रंगाची माहिती कमी करून, पाठवतो, आणि तेव्हा RGB Range बदलून काहीच फरक पडत नाही. Video Output Information मध्ये YUV दिसत असेल तर या पर्यायामागे वेळ घालवू नये. आरजीबी दिसत असेल, किंवा फिकटपणा फक्त साध्या चित्रातच असेल, तर कन्सोलमध्ये Automatic आणि टीव्हीच्या काळ्याच्या पातळीच्या पर्यायातही Auto ठेवावे. तरीही जमले नाही तर दोन्हीकडे Limited समान ठेवावे. सोनीमध्ये हा पर्याय HDMI video range या नावाने येतो. काही टीव्हींत Low म्हणजे Limited असते, तर नावांचा हा घोळ सुटेपर्यंत दोन्ही पर्याय लावून अंधाऱ्या दृश्यात कोणता योग्य दिसतो, ते डोळ्यांनी ठरवलेले बरे.

टीव्हीची मांडणी

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे. टीव्ही साध्या चित्राच्या आणि एचडीआरच्या मांडण्या वेगवेगळ्या साठवतो, आणि पुष्कळदा प्रत्येक पोर्टसाठीही वेगवेगळ्या. म्हणून केबलवरच्या बातम्या चालू असताना चित्र सुधारले तर एचडीआरच्या खेळावर त्याचा परिणाम होत नाही. एचडीआरचा खेळ चालू ठेवून, आधी ठरवलेल्या दृश्यावर थांबून, मगच टीव्हीचा मेनू उघडावा.

चित्राच्या प्रकारांत Game निवडावा. Vivid किंवा Dynamic दुकानाच्या झगमगाटासाठी केलेले असतात; ते निळसर असतात, रंग भडक करतात आणि वरून सिग्नल आणि पडदा यांच्यातला विलंब वाढवतात, जो खेळात बटण दाबल्यावर लगेच जाणवतो. Game मध्ये चित्र थोडे पिवळसर आणि सुरुवातीला मंद वाटेल. नजर दहा-पंधरा मिनिटांत त्याला सरावते, तेवढा वेळ द्यावा.

मग वीजबचत बंद करावी. Eco, Energy Saving, Power Saving, किंवा खोलीतला उजेड मोजून पडदा मंद करणारा सेन्सर, या सगळ्या सोयी एचडीआरच्या वैरी आहेत. नव्या टीव्हीत यांपैकी एखादी सुरूच असते, आणि एचडीआर काळवंडण्याचे सर्वांत सामान्य कारण, माझ्या मते, हेच आहे. हा पर्याय चित्राच्या मेनूत न सापडता सर्वसाधारण मेनूत दडलेला असतो, म्हणून तिथेही पाहावे.

त्यानंतर बॅकलाइट शेवटपर्यंत वाढवावा. साध्या चित्रासाठी रात्री तो कमी ठेवणे योग्य, पण एचडीआरमध्ये तो पूर्ण ठेवण्यावरच सगळा हिशेब उभा असतो. कॉन्ट्रास्ट टीव्हीने जिथे ठेवला असेल तिथेच राहू द्यावा.

इथे नावांची मोठी गंमत आहे आणि तीच अनेकांना चुकवते. काही टीव्हींत Brightness म्हणजे बॅकलाइट, तर काहींत Brightness म्हणजे काळ्याची पातळी. दुसऱ्या प्रकारच्या टीव्हीत अंधारे चित्र उजळवण्यासाठी Brightness वाढवले की उजेड वाढत नाही, फक्त काळे राखाडी होते, आणि अंधाऱ्या चित्राचा धुरकट चित्रात कायापालट होतो. वर ज्या स्वतः केलेल्या उपायाचा उल्लेख केला तो हाच. आपल्या टीव्हीत कोणते बटण काय करते हे ओळखण्याची रीत अशी: अंधार आणि उजेड दोन्ही असलेले दृश्य लावून बटण दोन्ही टोकांना न्यावे. सगळे चित्र एकत्र मंद आणि तेज होत असेल तर तो बॅकलाइट. काळेच तेवढे राखाडी होत असेल आणि आकाश जिथल्या तिथे राहत असेल तर ती काळ्याची पातळी. काळ्याची पातळी कारखान्यातून आलेल्या आकड्यावरच, बहुधा मधोमध, ठेवावी. ते आकडे आठवत नसतील तर त्या एका चित्रप्रकारापुरते रीसेट करावे.

रंगाच्या व्याप्तीचा पर्याय Auto वर ठेवावा. विभागवार दिवे मंद करणारी सोय, म्हणजे लोकल डिमिंग, असेल तर ती सर्वांत वरच्या पातळीवर न्यावी. ती नसेल तर मेनूत सापडणारच नाही.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय टोन मॅपिंगचा आहे. एलजीच्या अनेक टीव्हींत त्यासाठी HGIG असा पर्याय असतो. त्यात टीव्ही दाबण्याचे काम सोडून देतो आणि आपल्या खऱ्या मर्यादेपर्यंत चित्र जसे येईल तसे दाखवतो. ज्यांच्या टीव्हीला निदान ६०० ते ७०० निटची ताकद आहे त्यांनी हाच निवडावा, आणि कन्सोलचे मोजमाप त्यावरच करावे. तीनशे निटच्या टीव्हीवर मात्र मी डायनॅमिक टोन मॅपिंग चालू ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण तिथे शुद्धतेपेक्षा चेहरे दिसणे महत्त्वाचे असते. ज्या टीव्हीत असा पर्यायच नाही तिथे डायनॅमिक कॉन्ट्रास्ट Low वर लावून पाहावा. Medium च्या वर गेल्यास दृश्य बदलताच उजेड वरखाली होऊ लागतो आणि डोळ्यांना त्रास होतो.

कन्सोलचे मोजमाप

टीव्ही स्थिर झाल्यावरच Settings > Screen and Video > Video Output > Adjust HDR उघडावे. एक्सबॉक्समध्ये हे TV & display options मधील Calibrate HDR for games या नावाने असते. प्लेस्टेशन ५ मध्ये एकामागून एक तीन पडदे येतात. पहिले दोन टीव्ही किती उजळ होऊ शकतो ते विचारतात, एकदा छोट्या भागापुरते आणि एकदा पूर्ण पडद्यासाठी. तिसरा काळे किती खोल जाते ते विचारतो. प्रत्येकावर मधली खूण जेमतेम दिसेनाशी होण्याच्या काठावर आणायची असते.

खूण जिथे पुसट होते ती टीव्हीची मर्यादा. HGIG असलेल्या टीव्हीवर हे मोजमाप अचूक येते. परंतु टीव्ही स्वतःच टोन मॅपिंग करत असेल तर तो खूण दाबून दाबून दाखवत राहतो आणि ती फार उशिरा नाहीशी होते. परिणामी ३०० निटचा टीव्ही कन्सोलला हजार निटचा असल्यासारखा भासतो. ही खोटी साक्ष ओळखायची रीत सोपी आहे: वर जाताना बराच काळ खुणेत काहीच फरक पडत नसेल आणि नंतर ती हळूहळू विरत असेल, तर टीव्ही दाबतो आहे. अशा वेळी खूण पूर्ण नाहीशी होण्याची वाट न पाहता ती पुसट व्हायला लागली की थांबावे. पूर्ण पडद्याचे मोजमाप छोट्या भागाच्या मोजमापाइतके किंवा त्याहून कमी असावे. तिसऱ्या पडद्यावर खोलीतले दिवे रोज खेळताना असतात तसेच ठेवावेत; दुपारच्या उजेडात काळ्याचे मोजमाप घेतले तर ते हमखास चुकते.

कन्सोल हे आकडे खेळांना देतो, पण सगळे खेळ ते घेत नाहीत. काही खेळांत स्वतःचा एचडीआर मेनू असतो आणि तिथे निटमध्ये कमाल उजेड आणि पेपर व्हाइट, म्हणजे कागदासारखे साधे पांढरे किती उजळ असावे, हे दोन आकडे मिळतात. कमाल उजेड आकाश, सूर्य आणि चकाकी यांच्याशी संबंधित आहे. मधल्या छटांचा, म्हणजे आपल्या मूळ तक्रारीचा, इलाज पेपर व्हाइटमध्ये असतो. प्रसारणाच्या जगात एचडीआरमधील साध्या पांढऱ्यासाठी २०३ निट हा संदर्भ धरला जातो. अंधाऱ्या खोलीत १०० ते १५० पुरतात. दिवे लावलेल्या खोलीत २०० च्या आसपास जावे. तीनशे निटच्या टीव्हीवर त्यापुढे गेल्यास चकाकीसाठी वर जागाच उरत नाही आणि चित्र सपाट होते.

लातूरच्या एका बैठकीतील टीव्ही

वरचा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहण्यासाठी लातूरच्या औसा रोड भागातील माझ्या भाच्याच्या घरचे उदाहरण घेतो. त्रेचाळीस इंची ४के एलईडी, लोकल डिमिंग नाही, पुढे पश्चिमेची मोठी खिडकी आणि पांढऱ्या भिंती. भाच्याची तक्रार एका वाक्यात होती: “मामा, गुहेत गेलं की कायच दिसना झालंय, अन् उजेड वाढवला तर सगळं पांढरं फट्ट व्हायलंय.” दोन्ही दोष एकाच दमात सांगितल्यामुळे शंका सरळ काळ्याच्या पातळीवर गेली.

सिग्नल ठीक होता: टीव्हीवर एचडीआरची खूण होती आणि कन्सोलच्या पानावर ४के, ६० हर्ट्झ, YUV422 दिसत होते. त्यामुळे त्याने आधी बदलून पाहिलेल्या RGB Range चा काही संबंधच नव्हता. ते Automatic वर परत ठेवले. HDR मात्र Always On वर होते, आणि म्हणून त्याचा जुना क्रिकेटचा खेळही निस्तेज दिसत होता. On When Supported केल्याबरोबर तो खेळ पूर्ववत झाला.

टीव्हीत चित्राचा प्रकार Standard, वीजबचत मधल्या पातळीवर, आणि Brightness, जी या टीव्हीत काळ्याची पातळी होती, ५० वरून ६८ वर नेलेली. म्हणजे वीजबचतीने चित्र काळवंडले होते आणि ते उजळवण्याच्या प्रयत्नात काळे राखाडी झाले होते. Game निवडून तो प्रकार रीसेट केला, वीजबचत बंद केली, बॅकलाइट १०० वर नेला. एवढ्यावरच गुहेच्या भिंतीचे दगड दिसू लागले आणि काळ्यावरचा धूर गेला. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट Low वर लावला. बाहेरच्या आकाशात ढग मात्र अजून नव्हते, नुसता पांढरा ठिपका होता.

Adjust HDR मध्ये पूर्वीचे मोजमाप Vivid वर घेतलेले होते. नवे मोजमाप संध्याकाळी, पडदा ओढून आणि एकच ट्यूबलाइट लावून घेतले. पहिल्या पडद्यावरची खूण बराच वेळ तशीच राहून मग विरू लागली, म्हणजे टीव्ही दाबत होता. तिथे पूर्ण नाहीशी होण्याआधीच थांबलो. खेळाच्या स्वतःच्या मेनूत कमाल उजेड १,००० वर होता, तो ४०० वर आणला. तीनशेच्या टीव्हीला चारशे का, तर टीव्हीचे दाबणे काही अंशी चालूच राहणार असल्यामुळे वर थोडी जागा सोडलेली बरी. अगदी तीनशेवर आणल्यास सूर्य आणि पांढरा शर्ट एकसारखे दिसू लागतात. पेपर व्हाइट १०० वरून १६० वर नेले. ढग आले, आणि गुहेतल्या माणसाचा चेहराही.

एक गोष्ट जमली नाही आणि ती जमणारही नव्हती. दिवे पूर्ण बंद केल्यावर या टीव्हीचे काळे राखाडीच दिसते. यात असलेल्या आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये पांढरे आणि काळे यांचे प्रमाण साधारण १,०००:१ च्या आसपास असते, व्हीए पॅनेलमध्ये ते तिप्पट किंवा त्याहून जास्त असते. बॅकलाइट पूर्ण ठेवल्यावर आयपीएसमधून थोडा उजेड झिरपतोच, आणि तो कोणत्याही मेनूने अडत नाही. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक मंद दिवा लावल्यास डोळ्यांना ते काळे पुरेसे काळे वाटते. खर्चाच्या मानाने हा उपाय चांगला आहे.

जिथे एचडीआर बंद करणे शहाणपणाचे ठरते

मराठवाड्यात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दुपारी बैठकीच्या खोलीत जो उजेड असतो, त्याच्यापुढे ३०० निटचा टीव्ही एचडीआरमध्ये टिकत नाही. साध्या चित्रात बॅकलाइट आपल्या हातात असतो आणि तीनशेच्या तीनशे निट मधल्या छटांसाठी वापरता येतात; एचडीआरमध्ये त्याच छटांना १५० ते २०० निटांत बसवावे लागते. त्यामुळे दुपारी एचडीआर बंद केलेले चित्र जास्त उजळ दिसते, आणि यात टीव्हीची किंवा कन्सोलची काही चूक नसते. दुपारी Video Output मध्ये HDR चे Off करून खेळावे, रात्री पुन्हा On When Supported करावे. खेळ सुरू असताना हा बदल काही खेळ ओळखत नाहीत, म्हणून आधी खेळ बंद करावा.

लोकल डिमिंग असलेले, ६०० निटच्या वरचे टीव्ही आणि ओएलईडी यांना हा दुपारचा नियम इतका कडक लागू नाही. ओएलईडीत वेगळीच अडचण येते: बर्फ किंवा वाळवंट अशा सगळ्याच पांढऱ्या दृश्यात पॅनेल स्वतःहून उजेड कमी करते. ते दृश्यागणिक होत असेल तर तो दोष नव्हे आणि त्यासाठी मोजमाप पुन्हा घेण्याचे कारण नाही. मात्र पूर्ण पडद्याचे मोजमाप छोट्या भागापेक्षा कमी ठेवायला सांगितले ते मुख्यतः या टीव्हींसाठी.

सगळे जुळल्यावर टीव्हीच्या चित्राच्या मेनूचे आणि खेळाच्या एचडीआर मेनूचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. टीव्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर वीजबचत पुन्हा सुरू झालेली आढळू शकते, आणि घरातल्या कुणी क्रिकेटचा सामना पाहताना चित्राचा प्रकार बदलला, तर जे टीव्ही सगळ्या पोर्टना एकच मांडणी लावतात तिथे कन्सोलची मांडणीही बदलते. चित्र अचानक बिघडल्यास आधी त्या फोटोंशी टीव्हीचे आकडे ताडून पाहावेत, आणि ते जुळत असतील तरच Adjust HDR पुन्हा उघडावे.